बार्ज डावीकडे गेली, बाण खाली का?

*सर, नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पणजीहून रायबंदरला जाणाऱ्या कॉजवेवर ट्रायपॉड लावून मी मांडवीतून जाणाऱ्या बार्जचा मोबाइलवर व्हिडिओ घेतला. दोन फ्रेममधली ब्लॉकची हालचाल एसएडीने काढायची आणि त्यावरून बार्जचा वेग सांगायचा, असा प्रोजेक्ट आहे. एका ३×३ ब्लॉकचं गणित मी वहीत केलं तर उत्तर (१, ०) आलं. प्रोग्राम म्हणतो (०, १). वाटलं, एक्स आणि वाय उलटे पडले असतील. अदलाबदल केली तर हा ब्लॉक जमला, पण दुसरे बिघडले. शिवाय बार्ज डावीकडे जाताना (१, ०) म्हणजे उजवीकडे कसं? केबिनच्या पांढऱ्या भिंतीवर सगळे बाण वर-डावीकडे दाखवतात आणि बार्जच्या लांबलचक काठावर तर कुठेही. आकडे आणि कोड सोबत पाठवत आहे. कुठे चुकतंय?*
*— कुंडईहून, एक विद्यार्थिनी*

तू वहीत गणित केलंस म्हणून हे पत्र मी आधी घेतलं. नुसता कोड आला असता तर मला अंदाजच बांधत बसावं लागलं असतं. तुझ्या पत्रात तीन वेगळी दुखणी आहेत आणि ती एकाच वेळी उठल्यामुळे तुला एकच वाटली. पहिलं निव्वळ प्रोग्रामचं आहे. दुसरं बाणाच्या अर्थाचं. तिसरं मात्र या पद्धतीचंच आहे, त्याला औषध नाही, फक्त पथ्य आहे.

आधी तुझा ब्लॉक सगळ्यांसमोर मांडतो. केबिनचा वरचा-डावा कोपरा, मागे नदीचं गडद पाणी. आत्ताच्या, म्हणजे दुसऱ्या फ्रेममधला ब्लॉक असा आहे:

```
४०   ४२   ४१
४३  १५०  १५२
४१  १४९  १५५
```

चाळिशीतले आकडे पाण्याचे, दीडशेच्या आसपासचे केबिनचे. आदल्या फ्रेममध्ये हा ब्लॉक जिथे असायला हवा त्या जागेभोवती चारी बाजूंनी एकेक पिक्सेल जास्त घेतला, की ५×५ चा तुकडा मिळतो:

```
४०  ४१  ४२   ४०   ४३
४२  ४०  ४१   ४२   ४०
४१  ४३  ४२  १५१  १५०
४०  ४२  ४०  १४८  १५६
४३  ४१  ४२  १५०  १५३
```

या तुकड्यावर ३×३ ची चौकट नऊ ठिकाणी बसते. प्रत्येक ठिकाणी समोरासमोरचे नऊ आकडे वजा करायचे, चिन्ह टाकून द्यायचं आणि बेरीज करायची, एसएडी म्हणतात ती हीच बेरीज. चौकट हलवलीच नाही, म्हणजे (०, ०) ला, फरक येतात ०, १, १, मग ०, १०८, १, आणि १, १०९, ७. बेरीज २२८. त्यातले १०८ आणि १०९ बघ. केबिनचे दोन पिक्सेल पाण्यावर पडले, त्याचा हा दंड आहे. चौकट एक घर उजवीकडे सरकवली की फरक १, ०, १, १, १, २, १, १, १ आणि बेरीज अवघी ९. नऊही ठिकाणच्या बेरजा अशा:

```
            dx=−१   dx=०   dx=+१
dy=−१        ४४३    ३३७     २३६
dy=०         ४४६    २२८       ९
dy=+१        ४४९    ३४०     २३३
```

dy वाढला की खाली, हे लक्षात असू दे, चित्रात वरून खाली मोजतात. उत्तर निःसंशय (१, ०). तुझी वही बरोबर आहे.

आता तुझा कोड. त्यात ही ओळ आहे:

```python
s = np.abs(cur - ref).sum()
```

दिसायला सूत्र जसंच्या तसं आहे. पण चित्र वाचल्यावर नमपायमध्ये ते `uint8` प्रकारात येतं. त्या प्रकारात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, ऋण आकड्याला जागाच नाही. त्यामुळे ४० मधून ४१ वजा केले की −१ येत नाही, गाडीचा जुना मीटर शून्यावरून मागे फिरवल्यासारखं २५५ येतं. मग त्यावर `np.abs` लावून काय उपयोग, २५५ तर आधीच धन आहे. एकाने कमी पडलेला पिक्सेल २५५ ने चुकलेला ठरतो, आणि १०८ ने जास्त असलेला पिक्सेल १०८ च राहतो. म्हणजे उत्तम जुळणाऱ्या जागेला मोठी शिक्षा आणि ढळढळीत चुकलेल्या जागेला लहान.

हीच चूक ठेवून मी तुझ्या नऊ बेरजा पुन्हा केल्या:

```
            dx=−१   dx=०   dx=+१
dy=−१        ६९७    ८४३    १२४६
dy=०         ६९८    ७३६     ७७१
dy=+१       १४६३    ६२६    १३१७
```

सगळ्यात लहान ६२६, जागा (०, १). अगदी तुझ्या प्रोग्रामचं उत्तर. खरी जागा ७७१ घेऊन पाचव्या क्रमांकावर बसली आहे, कारण तिथले तीन फरक −१ होते आणि तिघांचे २५५ झाले.

(०, १) हे (१, ०) चं उलटं दिसतं, हा शुद्ध योगायोग. त्यानेच तुला चकवलं. एक्स-वायची अदलाबदल ही इतकी नेहमीची चूक आहे की कुणालाही आधी तीच सुचली असती. नमपायमध्ये `ref[y, x]` असं ओळ आधी आणि स्तंभ नंतर लिहावं लागतं, त्यामुळे तिच्यावर संशय घेणं रास्तच होतं. पण तुझ्या कोडमध्ये तो क्रम बरोबर आहे. केलेली अदलाबदल आधी परत फिरव, नाहीतर खरी चूक दुरुस्त केल्यावर ही नवीन राहील.

दुरुस्ती एवढीच:

```python
def sad(a, b):
    d = a.astype(np.int16) - b.astype(np.int16)
    return np.abs(d).sum()
```

वजाबाकीच्या आधी प्रकार बदलायचा, नंतर नाही. नंतर बदललास तर २५५ चे २५५ च राहतील. ओपनसीव्ही वापरत असशील तर `cv2.absdiff(a, b)` हे काम नीट करतं. मात्र `cv2.subtract` घेऊ नकोस. ते ऋण उत्तराचं सरळ शून्य करतं, म्हणजे अर्धे फरक गायबच होतात.

ही चूक मला ओळखू आली कारण मी स्वतः तिच्यात दोन दिवस घालवले आहेत. आमची पिढी सी भाषेत शिकली. तिथे `unsigned char` चे दोन आकडे वजा करताना भाषा त्यांना आधी आपणहून `int` करते, त्यामुळे तेच सूत्र तिथे बिनघोर चालतं. माझा जुना कोड नमपायमध्ये उतरवला तेव्हा मी ओळन् ओळ ताडून पाहिली, सगळी जुळली, आणि तरी बाण भरकटलेले. सूत्रात काही नव्हतंच. आकड्यांच्या भांड्याचा आकार बदलला होता.

त्या दोन दिवसांत एक फसवी तपासणीही कळली. फ्रेम स्वतःशीच ताडून पाहिली तर (०, ०) ला शून्य येतं, चूक असताना सुद्धा, कारण सारख्याला सारखं वजा केल्यावर ऋण व्हायला काही उरतच नाही. चित्र मुद्दाम दोन पिक्सेल सरकवून तपासलं तरी तसंच, नेमक्या जागी शून्य. खऱ्या व्हिडिओत जरासा नॉइज असतो आणि तिथेच हे बिंग फुटतं. म्हणून तपासणी दुसरी कर: `sad(a, b)` आणि `sad(b, a)` सारखे यायला हवेत. तुझ्या जुन्या ओळीने (१, ०) ला एका क्रमाने ७७१ येतात आणि उलट क्रमाने १२७७. दोघांची बेरीज २०४८, म्हणजे आठ वेळा २५६. नऊपैकी आठ पिक्सेलमध्ये फरक होता, आणि प्रत्येकाने एका नाही तर दुसऱ्या बाजूने मीटर फिरवला.

आता बाणाची दिशा. इथे तुझ्या गणितात चूक नाही, वाचनात आहे. आपण आत्ताच्या फ्रेममधला ब्लॉक हातात घेऊन तो आदल्या फ्रेममध्ये शोधला. तो एक घर उजवीकडे सापडला. म्हणजे केबिनचा कोपरा आधी उजवीकडे होता आणि आता त्याच्या डावीकडे आला आहे. बार्ज डावीकडेच गेली. (१, ०) हा आकडा ‘कुठून आणायचं’ ते सांगतो, ‘कुठे गेलं’ ते नाही. व्हिडिओ कॉम्प्रेशनवाल्यांनी हीच रीत ठेवली आहे, कारण डीकोडरला नवी फ्रेम भरताना प्रत्येक ब्लॉक जुन्या फ्रेममधल्या कुठल्या जागेवरून उचलायचा एवढंच हवं असतं. तुला हालचाल दाखवायची आहे, म्हणून बाण काढताना दोन्ही आकड्यांची चिन्हं उलटी कर आणि अहवालात ते एका वाक्यात लिहून टाक. परीक्षक इथेच बोट ठेवतात.

तिसरं दुखणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वरची दुरुस्ती केलीस की कोपऱ्यावरचे बाण सरळ होतील, पण केबिनची भिंत आणि बार्जचा काठ तसेच राहतील. आणि तू पुन्हा कोडमध्ये चूक शोधत बसशील, जी तिथे नाही.

भिंतीपासून सुरुवात करू. दुपारच्या उन्हात पांढरी भिंत कॅमेऱ्यात जळून गेली आहे, तू पाठवलेल्या तुकड्यात आकडे सरसकट २५५ आहेत. २५५ चा ब्लॉक २५५ वर कुठेही ठेवला तरी फरक शून्य. शोधाच्या सगळ्या जागांची बेरीज शून्य, सगळ्या पहिल्या. मग जिंकतं कोण? तुझा लूप dy आणि dx दोन्ही ऋण टोकापासून सुरू होतो, आणि तुलना `<` ने आहे, म्हणजे पहिला आलेला गादी सोडत नाही. पहिली जागा वर-डावीकडची. म्हणून तिथले सगळे व्हेक्टर वर-डावीकडे, शिस्तीत. ते बाण भिंतीबद्दल काहीच सांगत नाहीत, तुझा लूप कुठून सुरू होतो एवढंच सांगतात. `<=` केलंस तर सगळे खाली-उजवीकडे वळतील. गंमत म्हणून करून बघ.

सावलीतली भिंत जरा वेगळी वागते. तिथे आकडे जळलेले नसतात, दोनशेच्या आसपास एक-दोनने वरखाली होत असतात. मग नऊ पिक्सेलच्या प्रत्येक बेरजेत नॉइजचेच दहा-बारा जमतात, आणि ज्या जागी योगायोगाने आठ आले ती जिंकते. बाण चारी दिशांना फुटतात ते यामुळे.

काठाचं दुखणं याहून खोल आहे. तुझ्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये वर पाणी, खाली बार्जची बाजू, मधून आडवी रेघ. चौकट वर किंवा खाली सरकवली की तीन पिक्सेल चुकीच्या रंगावर पडतात आणि बेरीज एकदम २४० च्या आसपास जाते. म्हणजे उभ्या दिशेने पद्धत अगदी ठाम आहे: बार्ज वर-खाली हललेली नाही. पण आडवी सरकवली तर? डावीकडे ६, मध्ये १०, उजवीकडे ८. आडव्या रेघेवरून आडवं सरकलं तर सगळं सारखंच दिसतं. इथे ६ जिंकले आणि उत्तर (−१, ०) आलं, खऱ्याच्या बरोबर उलट. १०, ६ आणि ८ यांच्यातला फरक नॉइजचा आहे, बार्जचा नाही.

याला ॲपर्चर प्रॉब्लेम म्हणतात. लहानशा खिडकीतून सरळ रेघ हलताना पाहिली, तर रेघेला काटकोनात होणारी हालचाल कळते, रेघेच्या लांबीने होणारी कळत नाही. आणि तुझं दुर्दैव बघ, बार्ज ही सगळीच लांब आडव्या रेघांची बनलेली आणि ती धावतेही त्याच दिशेने. चित्रातला सर्वांत ठळक भाग वेग मोजायला सर्वांत निरुपयोगी. उपयोगाच्या जागा थोड्या आहेत: केबिनचे कोपरे, खिडक्या, डोलकाठी, बाजूला लटकवलेले टायर, गंजाचे ओघळ, रंगवलेलं नाव.

मग एखाद्या ब्लॉकवर भरवसा ठेवायचा की नाही, हे प्रोग्रामने कसं ठरवायचं? सर्वांत लहान बेरीज पाहून नाही. जळलेल्या भिंतीची बेरीज शून्य आहे, तुझ्या सुरेख कोपऱ्याची ९. लहान बेरजेलाच बक्षीस दिलंस तर भिंत जिंकेल. पाहायचं ते पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातलं अंतर. कोपऱ्यावर ९ नंतर थेट २२८ आहे. काठावर ६ नंतर ८. भिंतीवर ० नंतर ०. हे तीन आकडे शेजारी ठेवले की निवाडा आपोआप होतो.

किती अंतर पुरेसं, याचा आकडा मी देणार नाही, तो तुझ्या कॅमेऱ्यातून काढ. ट्रायपॉड न हलवता, न हलणाऱ्या एखाद्या खडबडीत भिंतीच्या लागोपाठच्या दोन फ्रेम घे आणि (०, ०) ला एसएडी काढ. काहीच हललेलं नसताना जी बेरीज येते तो तुझा नॉइज. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर याच्या काही पट असेल तरच ब्लॉक ठेवायचा. बाकीच्यांना बाण काढायचाच नाही. रिकामी जागा दिसली तरी चालेल, खोटा बाण नको.

इंटरनेटवरचे धडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेव. त्यातले बहुतेक कॉम्प्रेशनसाठी लिहिलेले असतात, आणि तिथे भिंतीवर चुकीचा व्हेक्टर आला तरी बिघडत नाही. २५५ चा ब्लॉक कुठूनही उचलला तरी चित्र तेच दिसतं, उरलेला फरक शून्य आणि बिट वाचले. उलट असे एन्कोडर बेरजा जवळपास सारख्या असतील तर शून्य व्हेक्टरला किंवा शेजारच्या ब्लॉकसारख्या व्हेक्टरला झुकतं माप देतात, कारण तो कमी बिटांत लिहिता येतो. त्यांच्यासाठी ते शहाणपण आहे. तुझ्यासाठी ते घातक, कारण धावत्या बार्जच्या मधोमध तुला ‘हललीच नाही’ असं उत्तर मिळेल आणि सरासरीत मिसळून वेग कमी दिसेल. तुला स्वस्त व्हेक्टर नको आहे, खरा हवा आहे.

३×३ चा ब्लॉक वहीत ठीक आहे. प्रत्यक्षात १६×१६ घे, एच.२६१ या व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या मानकापासून चालत आलेला मॅक्रोब्लॉकचा आकार. नऊऐवजी २५६ पिक्सेल मत देतात, नॉइज एकमेकांत जिरतो, आणि ब्लॉकमध्ये एखादा कोपरा सापडण्याची शक्यता वाढते. फार मोठा मात्र नको. ब्लॉकमध्ये अर्धी बार्ज आणि अर्धं पाणी आलं की दोन वेगळ्या हालचालींना एकच व्हेक्टर मिळतो. पाण्यावर तर उन्हाचे तुकडे फ्रेमगणिक उजळतात, विझतात. एसएडीचं सगळं गृहीतक असं की वस्तू हलली तरी तिचा उजेड तोच राहतो, आणि ते मांडवीच्या चमचमणाऱ्या पाण्यावर मोडतं. पाण्याचे ब्लॉक सरळ वगळ. मोबाइलचं ऑटो एक्स्पोजरही बंद कर. ढग आला की ते सगळं चित्र चार-पाच पायऱ्या उजळवतो आणि प्रत्येक पिक्सेल तेवढ्याने चुकतो. केबिनची भिंत जळू नये म्हणून एक्स्पोजर जरा कमीवरच ठेवून कुलूप लाव.

वेगाचं गणित करण्याआधी हे बघ. समजा तुझ्या चित्रात एका पिक्सेलमध्ये बार्जची ५ सेंमी लांबी मावते आणि सेकंदाला ३० फ्रेम आहेत. मग लागोपाठच्या फ्रेममध्ये एक पिक्सेल हालचाल म्हणजे सेकंदाला दीड मीटर, तासाला ५.४ किमी. दोन पिक्सेल म्हणजे १०.८. मधलं काही नाही! चौकट पूर्ण पिक्सेलनेच सरकते, त्यामुळे तुझी बार्ज एक तर ५.४ ने जाईल किंवा दुप्पट वेगाने. म्हणून लागोपाठच्या फ्रेम ताडू नकोस. दहा फ्रेमचं अंतर ठेव. आता एक पिक्सेल म्हणजे तासाला ०.५४ किमी आणि उत्तराला काही अर्थ येतो.

पण त्याबरोबर शोधाची चौकटही वाढवावी लागते. फ्रेममागे दीड पिक्सेल असेल तर दहा फ्रेमनंतर कोपरा १५ पिक्सेल दूर जाईल. तू ±७ चा शोध ठेवला आहेस, त्यात तो सापडणारच नाही. आणि प्रोग्राम ‘सापडला नाही’ म्हणत नाही, हाताशी असलेल्या चुकीच्या जागांतली त्यातल्या त्यात बरी उचलतो. खूण अशी: जिंकलेली जागा चौकटीच्या अगदी कडेला असते आणि तिची बेरीज नॉइजच्या मानाने फार मोठी असते. असे बाण दिसले की शोध रुंद कर. बार्ज आडवीच जाते, तेव्हा आडवा ±२४ आणि उभा ±२ पुरे. जागा ४९ गुणिले ५, म्हणजे २४५. ±७ च्या चौकोनात २२५ होत्या. काम जवळपास तेवढंच, पोहोच तिप्पट.

तुझ्या कोडच्या शेवटी थ्री-स्टेप सर्चचा अर्धवट भाग दिसला. तो काढून टाक. १९८१ पासूनची ती युक्ती ±७ साठी २२५ ऐवजी २५ जागा तपासून भागवते खरी, पण मोठ्या ढांगा टाकत उताराच्या दिशेने जाते, आणि वाटेत खोटा खड्डा लागला की तिथेच बसते. केबिनच्या सारख्या सारख्या खिडक्यांवर हे हमखास होतं. तुला थेट प्रक्षेपण करायचं नाही, रात्रभर चाललं तरी चालेल. सगळ्या जागा तपास. घाई वाटली तर बेरीज करता करता ती आतापर्यंतच्या सर्वांत लहान बेरजेच्या पुढे गेली की ती जागा तिथेच सोडून दे. उत्तर तेच राहतं, वेळ वाचतो. फक्त मग दुसऱ्या क्रमांकाची बेरीज अर्धवट राहते आणि भरवशाची तपासणी करता येत नाही. ती हवी असेल तर तुलना पहिल्याऐवजी दुसऱ्या क्रमांकाशी कर.

निवडून राहिलेल्या ब्लॉकचे आडवे व्हेक्टर घे, चिन्ह उलटं कर आणि सरासरीऐवजी मध्यक काढ. पंधरातला एखादा खिडकीने फसवलेला ब्लॉक सरासरीला ओढून नेतो, मध्यकाला नाही. पिक्सेलचं माप केबिनच्या दारावरून किंवा माणसाच्या उंचीवरून काढू नकोस, बार्जची लांबी विचारून घे, धक्क्यावरचे लोक सांगतात. मोबाइल दर सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम देतोच असंही नाही, तेव्हा फ्रेमवरची वेळ वाचून घे.

एवढं करून जो वेग येईल तो नदीकाठाच्या मानाने, पाण्याच्या मानाने नाही. कॉजवे जागचा हलत नाही, मांडवी हलते. तीच बार्ज, तेच इंजिन, तरी भरतीत वर चढताना एक आकडा येईल आणि ओहोटीत दुसरा. व्हिडिओ घेतलास ती तारीख आणि वेळ असेलच, त्या वेळी पाणी कुठल्या बाजूला वाहत होतं ते भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघ आणि वेगाशेजारी लिही.